मोजकी निमंत्रणे, दोनशे खुणांची चिठ्ठी : लिंक्डइनवर कोणास बोलवावे?

आपल्या संघटनेच्या सभासदांपैकी अनेक वैद्यबंधू-भगिनी व औषधीनिर्माते आता लिंक्डइन या व्यावसायिक परिचयाच्या संकेतस्थळावर आहेत. कच्च्या मालाचे पुरवठादार, परीक्षण-प्रयोगशाळांतील विश्लेषक, द्रव्यगुणाचे अध्यापक आणि इतर छोट्या फार्मसींचे चालक यांची तेथे गाठ पडू शकते, हे त्यामागील कारण. परंतु गेल्या काही काळात आमच्याकडे वारंवार एकच तक्रार येते. ‘निमंत्रणे पाठविणे मध्येच बंद पडले’, किंवा ‘सोबत चार ओळी लिहावयाच्या होत्या, पण खिडकी उघडेना’. ही यंत्रातील बिघाडाची लक्षणे नव्हेत. ती त्या स्थळाने जाणीवपूर्वक घातलेली बंधने आहेत आणि त्यांचे स्वरूप समजून घेतल्यावाचून तेथे काम साधत नाही. म्हणून या लेखात त्या बंधनांचा आणि त्यांत राहून माणसे कशी निवडावीत याचा विचार करीत आहोत. त्यासाठी सांगली भागातील एका अशोकारिष्ट-निर्मात्याचे उदाहरण आम्ही घेतले आहे.

प्रथम बंधनांविषयी. लिंक्डइनवर एखाद्यास आपल्या परिचयमंडळात घेण्यासाठी त्याच्या नावापुढील Connect ही कळ दाबून निमंत्रण पाठवावे लागते. समोरच्याने ते स्वीकारले, तरच दोघांमध्ये मोकळा पत्रव्यवहार सुरू होतो. २०२१ पर्यंत एका आठवड्यात कित्येकशे निमंत्रणे पाठविणारे लोक होते आणि त्यासाठी स्वयंचलित साधने विकणारेही होते. त्या वर्षी कंपनीने साप्ताहिक मर्यादा घातली. मर्यादेचा नेमका आकडा कंपनी जाहीर करीत नाही. सर्वसाधारण खात्यास तो आठवड्याला सुमारे १०० असल्याचा वापरणाऱ्यांचा अनुभव आहे. मात्र खाते नवीन असेल, किंवा पूर्वी पाठविलेली बरीच निमंत्रणे दुर्लक्षित राहिली असतील, तर हात त्याहून पुष्कळ अलीकडेच अडतो. मर्यादा गाठली की पडद्यावर You've reached the weekly invitation limit अशी सूचना येते. अशा वेळी कंपनीस पत्र लिहून काही उपयोग होत नाही. आठवडा जाऊ द्यावा लागतो.

दुसरे बंधन चिठ्ठीचे. निमंत्रणासोबत दोन शब्द लिहिता येतात. पूर्वी विनामूल्य खात्यासही त्यासाठी ३०० खुणांची जागा मिळत असे. आता ती २०० वर आली आहे. शिवाय विनामूल्य खात्यास अशा चिठ्ठ्या महिन्याला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच मिळतात. ही संख्या सर्व खात्यांना सारखी नसते. किती शिल्लक आहेत हे चिठ्ठीच्या खिडकीत लिहिलेले असते, ते पाहूनच पुढे जावे. पैसे भरून घेतलेल्या खात्यास चिठ्ठ्यांवर ही बंदी नसते व जागाही ३०० खुणांची मिळते. परंतु पैसे भरले म्हणजे कितीही माणसांस निमंत्रण धाडता येईल, असा समज करून घेऊ नये.

या दोन बंधनांपैकी आमच्या व्यवसायातील माणसास पहिले क्वचितच जाचते. आठवड्यास शंभर अनोळखी माणसांशी ज्याला खरोखर काम आहे असा वैद्य आम्ही तरी पाहिलेला नाही. जाचते ते दुसरे. महिन्यास चार-पाच चिठ्ठ्या आणि प्रत्येकीत दोनशे खुणा, एवढ्यात आपण कोण व कशासाठी आलो हे सांगावयाचे असते. म्हणून खरा प्रश्न, त्या चार-पाच चिठ्ठ्या कोणाच्या दारी न्यावयाच्या, हा आहे.

आता उदाहरणाकडे येऊ. सांगली परिसरातील हे औषधीनिर्माते आसवारिष्टे करतात व अशोकारिष्ट हे त्यांचे मुख्य उत्पादन. अशोकाच्या सालीत होणारी भेसळ आपल्या वाचकांस नवी नाही. सरळ वाढणाऱ्या आसुपालवाची साल अशोक म्हणून बाजारात येते. वाळून तुकडे झाल्यावर सरावलेल्या डोळ्यासही ती एकदम उमगत नाही. त्यांच्याकडे नव्या व्यापाऱ्याकडून आलेल्या दोन पोत्यांबाबत अशी शंका उत्पन्न झाली. माल परत करावा तर पुरावा हवा, ठेवावा तर औषधाचा गुण जातो व नावही जाते. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या : साल पारखून देणारा किंवा पारखण्यास शिकविणारा जाणकार, खरी साल देणारा आणखी एखादा स्रोत, आणि आपल्याप्रमाणेच थोड्या प्रमाणात साल घेणारे दोन-तीन निर्माते, म्हणजे एकत्र खरेदी करून मालाची तपासणी सामायिक खर्चात करता येईल.

ही तीन वाक्ये त्यांनी प्रथम कागदावर लिहिली आणि मगच लिंक्डइन उघडले. क्रम क्षुल्लक दिसला तरी सारे त्यावर अवलंबून असते. कारण ते स्थळ उघडताच आपणहून नावे सुचवू लागते. My Network या पानावर ओळीने छायाचित्रे मांडलेली असतात व प्रत्येकाखाली Connect ही कळ असते. तेथे कळ दाबली की निमंत्रण तत्काळ जाते. चिठ्ठीविषयी विचारणाही होत नाही. दहा मिनिटांत चाळीस निमंत्रणे जातात आणि त्यांपैकी एकाचाही आपल्या पोत्यांशी संबंध नसतो. चिठ्ठी लिहावयाची असेल तर त्या व्यक्तीच्या नावावर जाऊन तिचे स्वतंत्र पान उघडावे व तेथून निमंत्रण द्यावे. संगणकावर असे केल्यास Add a note आणि Send without a note असे दोन पर्याय समोर येतात. भ्रमणध्वनीवर मात्र घाईने कळ दाबू नये; चिठ्ठीचा पर्याय तेथे बहुधा More या तीन टिंबांच्या यादीत Personalize invite या नावाने असतो. एकदा चिठ्ठीविना निमंत्रण गेले की मागाहून त्यास चिठ्ठी जोडता येत नाही.

आमच्या निर्मात्यांनी शोधाच्या चौकटीत द्रव्यगुण, वनस्पतिशास्त्र, औषधी वनस्पतींचा व्यापार, आयुर्वेदिक औषधनिर्मिती असे शब्द निरनिराळ्या जोड्यांनी घालून साठ नावे उतरवून घेतली. मग चाळणी सुरू झाली.

पहिल्या चाळणीत सतरा नावे गळाली. ही सर्व अशी खाती होती, की ज्यांवर दोन-दोन वर्षांत काहीच हालचाल नव्हती. व्यक्तीच्या पानावर Activity हा भाग असतो. तेथे तिने अलीकडे काही लिहिले, कोणाच्या लिखाणावर मत दिले, असे दिसले तर ती व्यक्ती तेथे येते-जाते असे समजावे. पुष्कळांनी एखाद्या नोकरीच्या वेळी खाते उघडलेले असते आणि नंतर त्याकडे पाहिलेलेही नसते. अशा दारी ठेवलेले निमंत्रण तसेच पडून राहते व सहा महिन्यांनी आपोआप बाद होते. तोवर ते आपल्या खात्यावर ‘अनुत्तरित’ म्हणून उभे असते. त्याचा तोटा काय, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या चाळणीत बारा नावे गेली आणि येथे आमच्या निर्मात्यांस थोडा जड विचार करावा लागला. ही मोठ्या पदांवरील माणसे होती : संस्थांचे संचालक, मोठ्या कंपन्यांचे उपाध्यक्ष, मंडळांचे माजी पदाधिकारी. अशी नावे आपल्या यादीत असावीत असे कोणासही वाटते. परंतु सालीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याचे काम संचालक करीत नाहीत. ते प्रयोगशाळेतील विश्लेषक किंवा महाविद्यालयातील अध्यापक करतात. शिवाय मोठ्या पदावरील व्यक्तीकडे अनोळखी निमंत्रणांचा ढीग असतो. आमचे मत असे, की ज्याच्या हाताखालून आपला प्रश्न रोज जातो त्याच माणसाकडे चिठ्ठी न्यावी. पद पाहून पाठविलेले निमंत्रण म्हणजे रुग्णाची नाडी न पाहता त्याच्या बंगल्याकडे पाहून दिलेले औषध होय.

तिसऱ्या चाळणीत नऊ जण गेले. हे सर्व काही ना काही विकणारे होते, परंतु साल नव्हे : कोणी जाहिरातीची कामे घेणारे, कोणी वेष्टनाची यंत्रे विकणारे, कोणी निर्यातीचे परवाने काढून देणारे. यांना बोलाविण्याची गरजच नसते. त्यांचीच निमंत्रणे आपल्याकडे येतात. आलेले निमंत्रण स्वीकारल्याने आपला साप्ताहिक वाटा खर्ची पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

उरली बावीस नावे. त्यांचे त्यांनी तीन भाग केले. नऊ जण प्रत्यक्ष ओळखीचे होते : सहाध्यायी, पूर्वीच्या पुरवठादाराचे पुत्र, परिषदांत भेटलेले दोन निर्माते. यांना चिठ्ठीविना निमंत्रण पाठविले. ओळखीच्या माणसास नाव आणि छायाचित्र पुरते. त्याच्यावर चिठ्ठी खर्च करणे म्हणजे रोजच्या शेजाऱ्यास नोंदणीकृत टपालाने पत्र पाठविण्यासारखे आहे. आठ जण असे होते, की ज्यांचे लिखाण उपयोगी होते पण त्यांच्याकडे तूर्त काही मागावयाचे नव्हते. त्यांच्यासाठी निमंत्रण नव्हे, Follow ही कळ वापरली. तिने त्यांचे लिखाण आपल्यापुढे येऊ लागते, समोरच्यास काही स्वीकारावे लागत नाही आणि आपला वाटाही वाचतो. दोन-चार महिने त्यांच्या लिखाणावर एखादे नेमके मत नोंदविले की आपले नाव त्यांच्या परिचयाचे होते. नंतर निमंत्रण द्यावयाचे झाल्यास ते अनोळखी राहत नाही. उरलेले पाच जण मात्र अनोळखी होते आणि त्यांच्याकडेच खरे काम होते. त्यांच्या खात्यावर त्या महिन्यात चिठ्ठ्याही पाचच शिल्लक होत्या.

या पाचांत एक वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. साली ओळखण्याविषयी त्यांचा एक लेख त्यांच्या पानावर होता. त्यांच्यासाठी निर्मात्यांनी लिहिलेला पहिला मसुदा असा होता :

‘आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार. आमचे घराणे तीन पिढ्यांपासून शास्त्रोक्त आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीत कार्यरत असून आपल्यासारख्या मान्यवरांच्या सान्निध्याचा लाभ व्हावा या हेतूने आपणांस हे निमंत्रण पाठवीत आहोत.’

आपल्या पत्रव्यवहाराच्या वळणात यास कोणी नाव ठेवणार नाही. (‘महोदय’ हे संबोधन प्राध्यापिकांस चुकीचे होते, ही गोष्ट वेगळी, एकच मजकूर सर्वांना पाठविण्याच्या बेतात असे होतेच.) परंतु ही चिठ्ठी त्या खिडकीत मावली नाही. ‘पाठवी’ इतके उमटल्यावर दोनशे खुणा संपल्या आणि त्यात साल, अशोक, शंका यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख आलेला नव्हता.

येथे खुणा कशा मोजल्या जातात ते सांगणे आवश्यक आहे, कारण मराठीत लिहिणारा येथे हमखास गोंधळतो. आपण अक्षरे मोजतो. यंत्र प्रत्येक वर्ण, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील अदृश्य हलन्त ही प्रत्येक वेगळी खूण म्हणून मोजते. ‘वैद्य’ हा शब्द डोळ्यास दोन अक्षरांचा, पण व, मात्रा, द, हलन्त, य अशा त्याच्या पाच खुणा होतात. ‘शास्त्रोक्त’ डोळ्यास तीन अक्षरांचा, तो अकरा खुणा घेतो. ‘सान्निध्याचा’ बारा, ‘पिढ्यांपासून’ बारा. शब्दांमधील रिकामी जागा व विरामचिन्हेही प्रत्येकी एक खूण धरली जाते. मात्र यावरून देवनागरीत लिहिणे तोट्याचे, असा निष्कर्ष काढू नये. भ्रमणध्वनीच्या साध्या संदेशात देवनागरीस खरोखरच कमी जागा मिळते. येथे तसे नाही. ‘नमस्कार’ देवनागरीत सात खुणांचा आहे आणि रोमन लिपीत आठांचा. जागा खाते ती लिपी नव्हे, तर जोडाक्षरांनी लगडलेली औपचारिक शब्दयोजना. खिडकीच्या तळाशी खुणांची मोजणी चालू दिसते, तीवर लक्ष ठेवून लिहावे.

दुसरा मसुदा असा झाला :

‘नमस्कार डॉक्टर. अशोक व आसुपालव यांच्या साली ओळखण्यावरील आपला लेख वाचला. मी सांगलीत अशोकारिष्ट करतो. बाजारातील सालीबद्दल एकच प्रश्न विचारायचा आहे. आपली अनुमती असावी.’

याच्या १६४ खुणा होतात. छत्तीस शिल्लक राहिल्या आणि त्या तशाच राहू दिल्या. स्वतःचे नाव यात नाही, कारण ते निमंत्रणावर छापलेलेच असते. तीन पिढ्यांचा इतिहास नाही. ज्यास तो पाहावयाचा त्यास नावावर कळ दाबून पाहता येतो. ‘तुमचाच लेख का’ आणि ‘मी कोण’ या दोन गोष्टी दोन वाक्यांत आल्या. तिसऱ्या वाक्यात मागणी आली आणि ती एका प्रश्नापुरती होती. प्रत्यक्ष प्रश्न चिठ्ठीत लिहिला नाही, हेही योग्य झाले. निमंत्रण स्वीकारले गेल्यावर पत्रासाठी हजारो खुणांची जागा असते. पोत्यांची हकिगत, सालीचे वर्णन, छायाचित्रे ही तेथे शोभतात. चिठ्ठीने दार उघडण्यापुरतेच काम करावयाचे असते.

अशाच चिठ्ठ्या उरलेल्या चौघांना गेल्या, प्रत्येकाची पहिली ओळ निराळी. ही पहिली ओळच खरी कसोटी आहे. ‘आपलीच निवड का केली’ हे एका वाक्यात सांगता येत नसेल, तर त्या व्यक्तीवर चिठ्ठी खर्च करू नये. तूर्त Follow करून थांबावे. पाचही चिठ्ठ्या एकाच दिवशी पाठविल्या नाहीत. त्यांनी आठवड्यास पाच-सहा निमंत्रणे, त्यांत एक किंवा दोन चिठ्ठीसह, असा क्रम ठेवला. शंभरांची मुभा असताना पाच-सहाच का, असे कोणी विचारील. याचे कारण एवढेच, की निमंत्रण स्वीकारले गेले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आपले सविस्तर पत्र गेले पाहिजे. दवाखाना किंवा कारखाना सांभाळून एका आठवड्यात पाचांहून अधिक नव्या माणसांशी नीट पत्रव्यवहार करणे कठीण असते.

चिठ्ठी पाठविण्यापूर्वी त्यांनी आणखी एक दुरुस्ती केली, तीविषयी वाचकांना विशेष सावध करावेसे वाटते. निमंत्रण मिळणाऱ्यास आपले नाव, छायाचित्र, समान परिचितांची संख्या आणि नावाखालील एक ओळ एवढेच प्रथम दिसते. चिठ्ठीविना पाठविलेल्या निमंत्रणात तर ही ओळच चिठ्ठीचे काम करते. आमच्या निर्मात्यांची ती ओळ ‘स्त्रियांच्या मासिक पाळीच्या सर्व तक्रारींवर खात्रीशीर औषध’ अशी होती. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या कलम ३ मध्ये स्त्रियांच्या मासिक पाळीतील दोष दूर करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीस मनाई आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू आदी विकारांची यादी आहे. नावाखालची ओळ सार्वजनिक असते; ती जाहिरात नव्हे असे म्हणून सुटका होईल अशा भरवशावर राहू नये. कायदा बाजूस ठेवला तरी जी प्राध्यापिका सालीतील भेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहते, तिला ‘खात्रीशीर’ या शब्दानेच शंका येते. ओळ बदलून ‘आसवारिष्टे निर्माता, सांगली, मुख्यतः अशोकारिष्ट’ अशी केली.

आता अनुत्तरित निमंत्रणांविषयी. निमंत्रण मिळालेली व्यक्ती ते स्वीकारते, दुर्लक्षिते, किंवा दुर्लक्षिताना ‘या व्यक्तीस मी ओळखत नाही’ असेही कळवू शकते. आपल्याला त्याची काही वर्दी येत नाही. परंतु स्थळाच्या यंत्रणेस ती जाते. अशा नोंदी वाढल्या, किंवा अनुत्तरित निमंत्रणांचा साठा मोठा झाला, तर पुढील मर्यादा आक्रसते आणि काही वेळा निमंत्रण देताना समोरच्याचा विद्युत्-पत्त्याचा पुरावा मागितला जातो. याची चाहूल लवकर लागते. आठवड्यात वीस-पंचवीस निमंत्रणे पाठवूनच मर्यादेची सूचना आली, तर आपल्या पूर्वीच्या निमंत्रणांकडे पाहावे. My Network मध्ये Manage या ठिकाणी Sent अशी यादी असते. तीत प्रत्येक निमंत्रण किती दिवस पडून आहे ते दिसते. फार जुनी असतील ती Withdraw करून मागे घ्यावीत. मागे घेतल्याचे समोरच्यास कळविले जात नाही. मात्र एकदा मागे घेतल्यावर त्याच व्यक्तीस साधारण तीन आठवडे पुन्हा निमंत्रण देता येत नाही. म्हणून ज्याच्याशी या महिन्यातच काम आहे त्याचे निमंत्रण अधीर होऊन मागे घेऊ नये. त्याऐवजी समान परिचिताकडून शब्द टाकावा. ‘अमुक गृहस्थांचे निमंत्रण आपल्याकडे आले असेल, ते आमच्या माहितीतील आहेत’ असे त्या परिचिताने कळविले, तर पडून राहिलेले निमंत्रणही वर येते. यास ना चिठ्ठी लागते, ना साप्ताहिक वाटा.

मर्यादा चुकविण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. निमंत्रणे आपोआप पाठविणारी साधने कंपनीच्या करारानुसार निषिद्ध आहेत. ती वापरल्यास खाते बंद होण्याचा धोका असतो. दुसरी युक्ती भ्रमणध्वनीतील सर्व संपर्क तेथे चढविण्याची. वैद्यांनी ही तर कदापि करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या भ्रमणध्वनीत निम्मी नावे रुग्णांची असतात. ती यादी एकदा चढली आणि एका कळीने सर्वांना निमंत्रण गेले, तर त्वग्रोगासाठी, वंध्यत्वासाठी, मनोविकारासाठी येणाऱ्या माणसांची नावे आपल्या परिचयमंडळात जाऊन बसतात. खात्याची रचना बदललेली नसेल तर आपले परिचित ती यादी पाहू शकतात. जे त्या स्थळावर नाहीत त्यांना विद्युत्-पत्राने बोलावणे जाते. अशा बोलावण्यांमागून सदस्यांच्या नावाने पुनःपुन्हा स्मरणपत्रे धाडल्याबद्दल अमेरिकेत कंपनीवर खटला झाला होता आणि २०१५ मध्ये तो मिटविण्यासाठी कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. रुग्णास आपणहून निमंत्रण देऊ नये. त्याचे निमंत्रण आल्यास स्वीकारावे की नाही हा प्रत्येकाच्या विवेकाचा प्रश्न. आम्ही स्वीकारीत नाही.

उदाहरणाचा शेवट सांगणे उरले. चिठ्ठीविना गेलेल्या नऊ निमंत्रणांपैकी सात पंधरवड्यात स्वीकारली गेली आणि त्यांतील दोन निर्माते एकत्र खरेदीस तयार झाले. चिठ्ठीसह गेलेल्या पाचांपैकी तीन स्वीकारली गेली. एक व्यापारी निघाले. त्यांनी भाव कळविला, परंतु साल कोणत्या भागातून येते हे दोनदा विचारूनही सांगितले नाही, म्हणून तो व्यवहार पुढे गेला नाही. दुसऱ्या विश्लेषकांनी स्वीकारले, पण पत्रास उत्तर दिले नाही. प्राध्यापिकांचे उत्तर चौथ्या दिवशी आले. सालीची भुकटी पाठवू नका, तळहाताएवढे अखंड तुकडे पाठवा, दोन्ही पोत्यांतील तुकडे वेगळे बांधा आणि प्रत्येकावर खरेदीची तारीख व व्यापाऱ्याने सांगितलेले ठिकाण लिहा, असे त्यांनी कळविले. शिवाय, ज्याच्या ओळखीविषयी संशय नाही अशा अशोकवृक्षाच्या सालीचा एक तुकडा तुलनेसाठी सोबत मागितला. तो मिळविण्यासाठी निर्मात्यांना कोणासही निमंत्रण पाठवावे लागले नाही. त्यांच्या गावाजवळील महाविद्यालयाच्या वनौषधी उद्यानात नावाची पाटी लावलेला अशोक होता. तपासणीत एका पोत्यातील साल आसुपालवाची निघाली, दुसऱ्यातील खरी. पहिले पोते प्राध्यापिकांच्या लेखी अभिप्रायासह व्यापाऱ्याकडे परत गेले आणि व्यापाऱ्याने ते घेतले. अनुत्तरित राहिलेल्या दोन चिठ्ठ्या अद्याप Sent या यादीत आहेत. त्यांतील एका विश्लेषकांच्या लिखाणावर आमचे निर्माते सध्या अधूनमधून मत नोंदवीत आहेत.